पोत्यावरचे तेहतीस टक्के

पावसाळा तोंडावर आला की ग्रामपंचायतींच्या गोदामात टीसीएलची पोती येऊन पडतात. शहरात जिला ब्लीचिंग पावडर म्हणतात, तिचेच हे गावाकडचे नाव. पोत्यावर उपलब्ध क्लोरीनचा आकडा छापलेला असतो, साधारण ३३ टक्के. जलसुरक्षक त्या आकड्यावर विश्वास ठेवून दर हजार लिटर पाण्याला ५ ग्रॅम या हिशोबाने पावडर कालवतो आणि टाकीत सोडतो. मात्र तो आकडा पावडर कारखान्यातून निघाली त्या दिवसाचा असतो. टाकीवर ती पोचते तेव्हा तिच्यात किती क्लोरीन उरला आहे, हे पोते सांगत नाही.

यावर उपाय म्हणून टायट्रेशनची मागणी अधूनमधून होते. प्रत्येक पोते तपासा, तालुक्याला प्रयोगशाळा द्या, जलसुरक्षकाला ब्युरेट शिकवा, असे सुचवले जाते. समोरचे म्हणतात, नळाच्या पाण्यात ओटी टेस्टला पिवळा रंग आला म्हणजे झाले, पावडरीची जन्मपत्रिका कशाला हवी? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. त्यामुळे निवाडा करण्याआधी टायट्रेशन नेमके काय सांगते ते पाहायला हवे.

कृती फार अवघड नाही. अडीच ग्रॅम पावडर तोलून घ्यायची आणि खलात थोडे पाणी घालून तिची मऊ लापशी करायची. ती सगळीच्या सगळी २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये धुऊन घ्यायची, खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि खूप हलवायचे. द्रव दुधासारखा दिसतो. नवशिका इथे हमखास चुकतो. चुना खाली बसू देतो आणि वरचे नितळ पाणी घेतो, कारण गढूळ द्रव पिपेटने घेणे त्याला चुकीचे वाटते. क्लोरीनचा काही भाग त्या गाळाबरोबर खाली बसलेला असतो, म्हणून नितळ पाण्याचा आकडा कमी आणि दर वेळी वेगळा येतो. फ्लास्क हलवून लगेच, गढूळ असतानाच २५ मिलिलिटर घ्यायचे. एवढ्यात पाव ग्रॅम पावडर येते.

त्यात दहा टक्के पोटॅशियम आयोडाइडचे १० मिलिलिटर घालायचे आणि मग ५ मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक आम्ल. हा क्रम उलटा करून चालत नाही. आम्ल आधी पडले तर क्लोरीन हवेत निघून जातो, तपासणाऱ्याच्या नाकात झोंबतो आणि ब्युरेटवर मात्र कमी भरतो. आयोडाइड आधीच हजर असले, तर क्लोरीन त्यातून आपल्याइतकेच आयोडीन मोकळे करतो आणि द्रव गडद तपकिरी होतो. आता ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट सोडत जायचे. तपकिरी रंग फिका पिवळा झाला की स्टार्चचे थोडे द्रावण टाकायचे. द्रव निळाभोर होतो, आणि ज्या थेंबाला निळा रंग जातो तिथे थांबायचे. थायोसल्फेटचा एक मिलिलिटर म्हणजे ३.५४६ मिलिग्रॅम क्लोरीन. ब्युरेटवर २३.३ मिलिलिटर आले तर क्लोरीन ८२.६ मिलिग्रॅम झाला, म्हणजे पाव ग्रॅमचे ३३ टक्के. १६.९ आले तर २४ टक्के. १४.१ आले तर २० टक्के, आणि आरोग्य विभागाच्या अहवालांत सहसा याच रेषेखालचा नमुना नापास होतो. साहित्य तयार असेल तर अर्ध्या तासात उत्तर मिळते.

ही पद्धत नवी नाही. टायट्रेशनचा जन्मच ब्लीचच्या व्यापारात झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या रुआँ शहरात कापड पांढरे करण्यासाठी क्लोरीनचे पाणी वापरू लागले. ते कडक झाले तर कापड कुजे, सौम्य झाले तर पिवळे राही. देक्रोआझील या रसायनशास्त्रज्ञाने निळीचे द्रावण आणि खुणा केलेली नळी घेऊन त्या पाण्याची ताकद मोजायला सुरुवात केली. ब्युरेटचा पूर्वज म्हणून हीच नळी ओळखली जाते. म्हणजे प्रयोगशाळेच्या फार आधी हा प्रश्न गिरणीवाल्यापुढे उभा होता, आणि त्याला मोजलेले उत्तर हवे होते, कारण त्याचे पैसे त्यात अडकले होते. आज ग्रामपंचायतीचेही अडकलेले असतात, हा मुद्दा पुढे येईलच.

पावडर उतरते कशाने, हेही समजून घ्यावे लागते. विझवलेल्या चुन्यावर क्लोरीन सोडून ती बनते आणि तो क्लोरीन तिने घट्ट धरलेला नसतो. हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड मिळून तो सोडवतात. उष्णतेने ती मोडते. मोडताना तिच्यात कॅल्शियम क्लोराइड तयार होते, आणि ते हवेतले पाणी ओढून घेण्यात पटाईत आहे. त्यामुळे पोते एकदा ओलसर झाले की पुढची ओल ते स्वतःच बोलावते. सुरुवातीला हळू चाललेली घसरण गोळे धरल्यावर वेगाने होते. गोदामात शिरताच क्लोरीनचा दर्प आला की ‘पावडर कडक आहे’ असे म्हणायची पद्धत आहे. खरे तर नाकाला जे जाणवते ते पोत्यातून निघून गेलेले असते.

आपल्याकडे खरेदीचा मोसमही या पावडरीच्या सोयीचा नाही. पावसाळ्याची तयारी म्हणून ती एप्रिल-मेमध्ये येते, पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्याची शेवटची काहिली सोसते आणि मग जूनच्या दमट हवेत उघडली जाते. तोंड नुसते मुडपून ठेवलेले पोते, ओल धरणारी सिमेंटची जमीन आणि वर तापलेला पत्रा एकत्र आले, की महिन्या-दीड महिन्याने पोत्यावरचा आकडा इतिहासजमा होतो. आतली प्लास्टिकची पिशवी बांधून, फळीवर, सावलीत ठेवलेले पोते तुलनेने बराच काळ टिकते. एकाच दिवशी आलेल्या आणि एकाच शिक्क्याच्या दोन पोत्यांत त्यामुळे फरक पडू शकतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

आता नळावरच्या चाचणीची बाजू. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरायला हवा. ओटी टेस्ट नेमके हेच दाखवते. माणूस पाणी पितो, पावडर पीत नाही, तेव्हा शेवटची परीक्षा नळावरच व्हायला हवी, या म्हणण्याला तोड नाही. ती रोज, मिनिटभरात, गावातच होते. टायट्रेशनने पावडर उत्तम ठरली आणि ती टाकीत टाकलीच नाही, तर त्या उत्तम शेऱ्याचा उपयोग काय? रोजची चाचणी आणि महिन्यातून एकदा येणारा अहवाल यांतले एकच परवडत असेल, तर मी रोजची चाचणी निवडेन.

पण नळावर रंग आला नाही तर त्याचे कारण ती चाचणी सांगत नाही, आणि प्रश्न तिथेच सुरू होतो. समजा, गावाची टाकी ५० हजार लिटरची आहे आणि जलसुरक्षक रोज २५० ग्रॅम पावडर टाकतो. पावडर ३३ टक्क्यांची असेल तर लिटरमागे १.६५ मिलिग्रॅम क्लोरीन पडतो. विहिरीच्या पाण्यातले सेंद्रिय पदार्थ, लोह वगैरे त्यातला १ मिलिग्रॅम खातात असे धरू. ०.६५ उरतो आणि एप्रिलमध्ये ओटी टेस्टला छान पिवळा रंग येतो. जूनअखेर रंग येईनासा होतो. जलसुरक्षक पावडर दुप्पट करतो आणि रंग परत येतो. गावाच्या दृष्टीने विषय मिटला.

त्याच पोत्याचे टायट्रेशन केले आणि ब्युरेटवर १६.९ आले असे समजू. पावडर २४ टक्क्यांवर उतरली आहे. म्हणजे २५० ग्रॅममधून लिटरमागे १.२ मिलिग्रॅमच पडत होता. पाण्याची भूक १ मिलिग्रॅमच राहिली असती तर ०.२ तरी उरला असता आणि फिका का होईना, रंग दिसला असता. रंग अजिबात नाही, याचा अर्थ पहिल्या पावसाने पाण्याची भूकही वाढवली आहे. समजा ती १.४ झाली. पावडरीची घट भरून काढायला २५० ऐवजी सुमारे ३४५ ग्रॅम पुरे होते, बाकीचे पावसासाठी. जलसुरक्षकाने टाकलेल्या ५०० ग्रॅममधून २.४ मिलिग्रॅम पडतो आणि १ मिलिग्रॅम शिल्लक राहतो. एवढ्या क्लोरीनने विषबाधा होत नाही, पण पाण्याला वास येतो. वास आला की घरातली माणसे नळ सोडून जवळच्या, कुणी शुद्ध न केलेल्या विहिरीकडे वळतात. आठवड्याने पाऊस थांबून पाणी निवळले तर हाच डोस आणखी जास्त ठरतो. नवे, ताजे पोते उघडले तर त्याहूनही जास्त. पावडर किती बिघडली आणि पाणी किती, हे दोन आकडे वेगळे कळले असते तर पुढचा महिनाभर अंदाजाचे प्रयोग करावे लागले नसते.

‘कमी पडली तर जास्त टाका’ या सोप्या उपायाला आणखी एक मर्यादा आहे. जुनी होताना या पावडरीत, आणि सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात तर अधिकच, क्लोरेट तयार होते. क्लोरेट जंतू मारत नाही, पण पाण्यात उतरते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम ठेवली आहे. उतरलेला माल दुप्पट टाकला की क्लोरेटही दुप्पट जाते, आणि पावडरीच्या बाबतीत चुन्याचा गाळसुद्धा. तो गाळ डोसरच्या नळीत बसून ती तुंबवतो. माल थोडा उतरला असेल तर जास्त टाकणे ठीक आहे. निम्म्यावर आल्यानंतर ते ठीक राहत नाही.

टायट्रेशनचा खरा प्रतिस्पर्धी मात्र ओटी टेस्ट नाही, हॉरॉक्सची पेटी आहे. वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांना ती तोंडी परीक्षेपुरती माहीत असते, लष्करातल्या आरोग्य पथकांना कामापुरती. एका काळ्या कपात आपल्याच पोत्यातली चमचाभर, म्हणजे २ ग्रॅम पावडर पाण्यात कालवायची. सहा पांढऱ्या कपांत आपल्याच विहिरीचे पाणी भरायचे. पहिल्या कपात त्या द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहापर्यंत. अर्धा तास थांबून स्टार्च-आयोडाइडचे थेंब टाकायचे. निळा रंग पहिल्यांदा तिसऱ्या कपात दिसला, तर ४५५ लिटर पाण्याला तीन चमचे, म्हणजे ६ ग्रॅम पावडर लागेल. टक्केवारी कुठेच काढावी लागत नाही. पावडर कितीही उतरलेली असो, पाणी कितीही गढूळ असो, दोन्हींचा हिशोब एकाच उत्तरात येतो. गावाला हवे असलेले उत्तर हेच आहे, आणि ते ब्युरेट, तराजू किंवा प्रमाणित द्रावण यांशिवाय मिळते. प्रत्येक गावात टायट्रेशन हवे म्हणणाऱ्यांनी या पेटीला उत्तर द्यायला हवे. मला ते सापडत नाही. टाकीवर किती टाकायचे हे ठरवायला पेटी टायट्रेशनपेक्षा सरस आहे.

तिला जमत नाही ते वेगळेच काम. पुरवठादाराशी बोलताना ‘तुमची पावडर तिसऱ्या कपात निळी झाली’ हे वाक्य चालत नाही. २५ किलोच्या पोत्यात ३३ टक्क्यांनी सव्वाआठ किलो क्लोरीन असतो, २४ टक्क्यांनी सहा किलो. पोत्यामागे सव्वादोन किलो क्लोरीनचे पैसे देऊन आपण चुना घेतो. हा फरक कारखान्यात झाला, वाहतुकीत झाला की आपल्या गोदामात, हे ठरवायला दोन तारखांचे दोन आकडे लागतात, आणि दोन्ही बाजूंना मान्य होणारा आकडा टायट्रेशनच देते. रुआँच्या गिरणीवाल्याला जे हवे होते तेच जिल्हा परिषदेच्या खरेदीलाही हवे आहे.

इथे टायट्रेशनच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही जपून बोलावे, कारण या पद्धतीच्या काही चुका माल चांगला ठरवण्याकडे झुकतात. थायोसल्फेटचे द्रावण स्वतःच टिकाऊ नाही. साध्या, न उकळलेल्या पाण्यात बनवले, उजेडात ठेवले, त्यात जिवाणू वाढले, की ते सौम्य होत जाते. सौम्य द्रावण जास्त लागते, म्हणून ब्युरेटवरचा आकडा वाढतो आणि पावडर आहे त्याहून कडक दिसते. थायोसल्फेट दहा टक्के उतरले असेल तर २४ टक्क्यांचे पोते जवळपास पावणेसत्तावीसचे वाटेल, आणि १९ टक्क्यांचे २१ चे होऊन पास होईल. म्हणून पोटॅशियम आयोडेट किंवा डायक्रोमेटवर ते वरचेवर प्रमाणित करून घ्यावे लागते. गावोगाव ब्युरेट वाटले तर हे कोण करणार?

दुसरी चूक आम्लाची. ॲसिटिक आम्ल संपले म्हणून प्रयोगशाळेत हाताशी असलेले हायड्रोक्लोरिक आम्ल घातले, तर जुन्या पावडरीतले क्लोरेटही आयोडीन सोडू लागते. मेलेला भाग जिवंत म्हणून मोजला जातो, आणि माल जितका जुना तितकी ही फसवणूक मोठी. पोटॅशियम आयोडाइड जुने होऊन पिवळे पडले असेल तर त्यातले आयोडीनही क्लोरीनच्या खात्यात जमा होते. पावडर न घालता बाकी सगळे घालून एक कोरी चाचणी केली तर ते लगेच कळते.

नमुन्याची गडबड उलट्या दिशेने होते. पोत्याच्या तोंडाशी असलेली पावडर सर्वांत जास्त उतरलेली असते. तीच चमच्याने काढायची, कागदाच्या पुडीत बांधायची, बसने जिल्ह्याला पाठवायची, तिथे ती आठवडाभर टेबलावर राहायची, आणि मग अहवाल यायचा ‘१८ टक्के’. हा आकडा पोत्याचा की पुडीचा? आणि तो गावात पोचेतो पोते संपलेले असते. नमुना पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून काढून एकत्र करावा, घट्ट झाकणाच्या बाटलीत काठोकाठ भरावा आणि शक्यतो त्याच दिवशी तपासावा. हे जमत नसेल तर तपासणीवर खर्च केलेला पैसा वाया गेला असेच मी म्हणेन.

यातून सुटायला काहीजण द्रव सोडियम हायपोक्लोराइट सुचवतात. मोठ्या नळयोजनांवर ते सोयीचे आहे, गाळ नाही, डोसर तुंबत नाही. पण टिकण्याच्या बाबतीत त्याने काही सुटत नाही. दहा-बारा टक्क्यांचे द्रावण उन्हात ठेवलेल्या कॅनमध्ये पावडरीपेक्षाही लवकर उतरते, आणि तांबे, निकेल यांचा अंश गेला तर त्यातून ऑक्सिजन सुटून कॅन फुगतो. त्याला एक गुण आहे. ते जितके पातळ तितके हळू मोडते, म्हणून आल्या आल्या निम्मे पाणी घालून ठेवले तर जास्त टिकते. जागा मात्र दुप्पट लागते. मिठाच्या पाण्यातून टाकीवरच क्लोरीन बनवणारी यंत्रे साठवणीचा प्रश्नच मिटवतात, पण त्यांना खात्रीची वीज लागते आणि दुरुस्तीला माणूस लागतो.

थोडी थोडी खरेदी हा त्याहून साधा मार्ग आहे. दर महिन्याला ताजी पावडर आली तर मोजणीची गरजच कमी होते. रस्त्यालगतच्या गावांसाठी हे लगेच करता येईल, आणि करायला हवे. वर्षाची पोती एकदम उचलण्यामागे सोय असते ती कागदपत्रांची. पण मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या ज्या गावांची वाट पावसात बंद होते, तिथे चार महिन्यांचा साठा आधी पोचवावाच लागतो. जिथे पावडर सर्वांत जास्त दिवस पडून राहते, तिथेच ती बदलून मिळण्याची शक्यता सर्वांत कमी.

म्हणून माझे मत तालुक्याच्या बाजूने पडते. गावात ब्युरेट नको. तिथे रोजची ओटी टेस्ट, आणि पाणी बदलले किंवा नवे पोते उघडले की हॉरॉक्सची पेटी. टायट्रेशन तालुक्याच्या गोदामाशी, दोनच वेळा: माल उतरवताना पुरवठादाराच्या माणसासमोर, आणि गावाकडे रवाना करताना. एक प्रशिक्षित माणूस, एक प्रमाणित द्रावण, आणि बिल पोत्यांच्या वजनावर न देता निघालेल्या क्लोरीनच्या किलोंवर. २० टक्क्यांखालचा माल तिथूनच परत जावा. वाट बंद होणाऱ्या गावांचा साठा सर्वांत ताज्या मालातून, पाच-पाच किलोच्या बंद पिशव्यांत द्यावा, म्हणजे एक उघडली तरी बाकीच्या हवेपासून वाचतील. आणि पिशवीवर कारखान्याच्या छापील आकड्याशेजारी रवानगीची तारीख, त्या दिवशी निघालेली टक्केवारी आणि गावाच्या टाकीचा डोस मार्करने लिहावा. ५० हजार लिटरच्या टाकीला ३३ टक्क्यांच्या पिशवीवर २५० ग्रॅम, ३० च्या पिशवीवर २७५, २४ च्या पिशवीवर ३४५. जलसुरक्षकाने तिथून सुरुवात करावी आणि पुढचे नळावरचा रंग पाहून कमी-जास्त करावे.